आईवडिलांच्या घरी परतल्यावर: प्रश्न कसे थांबतात आणि दिवस पुन्हा हाती कसा येतो

प्रश्न: मी ३१ वर्षांची आहे. पुण्यातली नोकरी गेली, फ्लॅट सोडला आणि दोन महिन्यांपूर्वी जुळे सोलापूरला आई-अप्पांकडे राहायला आले. दोन क्लायंटचं अकाउंट्सचं काम घरून करते, महिन्याला २२ ते २५ हजार मिळतात. आई-अप्पा प्रेमळ आहेत, पण मी पुन्हा बारावीत गेल्यासारखं वाटतं. कुठे चाललीस, कधी येणार, कुणाचा फोन होता. मी सकाळी नऊला उठते, दुपारी झोपते, संध्याकाळी चिडचिड होते. काय करू?

उत्तर: तुमच्या घरात आत्ता एक चक्र फिरतंय, ते आधी नीट बघू. तुम्ही नऊला उठता, खोलीत बसता, जेवायला बाहेर येता. आईला दिसतं ते एवढंच. तुम्ही आत काम करताय की पडून आहात, हे तिला कळत नाही. न कळण्यातून काळजी, काळजीतून प्रश्न. प्रश्न आले की तुम्ही तुटक उत्तर देता आणि दार लावून घेता. मग तिला आणखी कमी दिसतं आणि ती आणखी विचारते. यात कुणाचा स्वभाव वाईट नाही. पण या चक्राचं एक टोक तुमच्या हातात आहे, आईच्या नाही, म्हणून सुरुवात तिथून करायची.

बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात "मला माझी स्पेस हवी" असं आईवडिलांना बसवून सांगतात. ते बहुधा फसतं. मन खाली असताना बोललेलं वाक्य तक्रारीसारखं बाहेर पडतं आणि समोरच्यांना त्यात उपकार विसरल्याचा सूर ऐकू येतो. आधी दिवस सावरा, मग बोला. मध्ये दहा-बारा दिवस जाऊ द्या.

दिवस सावरायचा म्हणजे काय, तर पहिले सात दिवस काहीच बदलायचं नाही, फक्त लिहायचं. साधी वही घ्या. जागं असताना दर दोन तासांनी एक ओळ: काय केलं, आणि मनाला किती बरं वाटलं याचा ० ते १० मधला आकडा. "११ ते १, जीएसटीचं काम, ६." "२ ते ४, झोप, उठल्यावर ३." रात्री आठवून एकदम लिहू नका. पडलेलं मन दिवसभराला एकच आकडा देऊन मोकळं होतं आणि मधले चढउतार दिसतच नाहीत. सात दिवसांनी वही उघडून दोनच गोष्टी शोधा: आकडा वर जातो तेव्हा काय चाललेलं असतं, आणि रोज ठरावीक वेळी तो कुठे घसरतो.

तुमच्या वर्णनावरून घसरण दोन ठिकाणी असावी. एक दुपारच्या झोपेनंतर, दुसरी संध्याकाळी सात-साडेसातला, हॉलमध्ये टीव्ही सुरू झाल्यावर. दुसऱ्या घसरणीचं मूळ बऱ्याचदा पहिलीतच असतं. भाकरी, आमटी, भात असं पोटभर जेवून दीड-दोन तास झोपलं की माणूस बऱ्याचदा गाढ झोपेतून उठतो. डोकं जड होतं, रात्री एकपर्यंत डोळा लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ वाजतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी पडणं चुकीचं नाही. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत बाहेर पडून उपयोगही नाही. फक्त वीस-पंचवीस मिनिटांचा गजर लावा, तीनच्या आत उठा आणि जमलं तर पलंगावर न पडता हॉलमधल्या आरामखुर्चीत टेका. पलंगावर गजर बंद करून पुन्हा झोपणं फार सोपं असतं.

रात्रीची झोप सुधारायला झोपण्याची वेळ धरू नका, उठण्याची धरा. साडेसहा ठरवा आणि रविवारीसुद्धा तीच ठेवा. पहिले चार-पाच दिवस झोप अपुरी वाटेल, रात्री लवकर पेंग येईल. तसंच व्हायला हवं. उठल्यावर अर्ध्या तासात घराबाहेरच्या उजेडात या. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ लवकरच्या वेळेवर येतं आणि रात्री वेळेवर झोप येते. गच्चीवर चहा घेतला तरी चालतं, पण जुळे सोलापुरातून धर्मवीर संभाजी तलाव जवळ आहे, तिथे अर्धा तास चालणं अधिक बरं. यात उजेड मिळतो, शरीर हलतं, आणि घरातून रोज ठरल्या वेळी बाहेर पडून ठरल्या वेळी परत येणारी मुलगी आईच्या नजरेस पडते. या तिसऱ्या गोष्टीचा उपयोग पुढे बोलणी करताना होणार आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून रोजच्या दिवसात तीन गोष्टी घड्याळाच्या वेळेसह लिहून ठेवा. एक कामाची, एक शरीराची, एक माणसांची. लहानच ठेवा. "सकाळी १० ते १२ क्लायंटचं रिकन्सिलिएशन", "संध्याकाळी ६ला भाजी आणायला चालत", "८ला पुण्याच्या मैत्रिणीला फोन". इच्छा होईल तेव्हा करू असं म्हणाल तर होणार नाही, कारण मन पडलेलं असताना इच्छा कृतीच्या आधी येत नाही, कृती सुरू झाल्यावर मागून येते. त्यामुळे वेळ झाली की निदान दहा मिनिटं ते करायचं. दहा मिनिटांनंतर सोडावंसं वाटलं तर खुशाल सोडा. आकडा लिहिणं मात्र चालू ठेवा. करण्याआधी २ वाटत होतं आणि केल्यावर ५ झालं, हे स्वतःच्या अक्षरात चार-पाच वेळा वाचलं की पुढच्या वेळी उठणं सोपं जातं.

माणसांची गोष्ट गाळू नका. परत आलेल्यांच्या वहीत सगळ्यात रिकामा रकाना तोच असतो. शाळेतल्या मैत्रिणी संसारात अडकलेल्या, पुण्याचा ग्रुप हळूहळू गप्प, म्हणजे दिवसभरात बोलणं फक्त आईवडिलांशी. दोन माणसांनी सगळ्या गरजा भागवाव्यात अशी वेळ आली की त्यांचं प्रत्येक वाक्य टोचू लागतं. आठवड्यातून दोनदा तरी घराबाहेरच्या माणसाशी समोरासमोर बोलणं व्हायला हवं.

कामाच्या जागेचं वेगळं सांगतो. झोपायच्या पलंगावर लॅपटॉप घेऊन बसलात की घरातल्यांना तुम्ही लोळताय असं दिसतं आणि झोपही बिघडते. खोलीत टेबल-खुर्ची ठेवा, दाराला कागद लावून त्यावर कामाचे तास लिहा: "१० ते १, ३ ते ५." त्या वेळेत आई चहा घेऊन आली तर चहा घ्या, हसा, "एकला बाहेर येते मग बोलू" म्हणा आणि खरंच एकला बाहेर या. शहरात स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका भरपूर आहेत. रोज तीन-चार तास तिथे बसून केलेलं काम घरच्या सहा तासांच्या कामापेक्षा जास्त होतं असं बऱ्याच जणांना आढळतं. अडचण एकच, तिथे फोनवर बोलता येत नाही. म्हणून आकडेमोडीचं, फाइलींचं काम तिथे आणि क्लायंटचे कॉल घरी, अशी विभागणी करा. फी भरण्याआधी दोन दिवस बसून बघा, दुपारी वीज गेल्यावर पंखे चालतात का तेही बघा.

आता बोलणी. वेळ निवडताना नळाला पाणी येणार असेल तो दिवस टाळा, जेवताना टीव्ही चालू असतानाची वेळ टाळा. रविवारी सकाळचा चहा बरा. दोघं एकत्र असू देत, नाहीतर एकाने दुसऱ्याला सांगताना वाक्य बदलतं. एका वेळी एकच विषय घ्या, आणि पहिला विषय येण्याजाण्याचा, कारण रोजची ठिणगी तिथेच पडते.

"विचारू नका" ही मागणी करू नका. ती पाळता येत नाही. त्याऐवजी विचारण्याआधीच सांगण्याचा करार करा. शब्द साधारण असे: "आई, अप्पा, मी बाहेर जाताना परत यायची वेळ घरच्या ग्रुपवर टाकून जाईन. उशीर होणार असेल तर त्या वेळेच्या आधी कळवीन. तेवढ्यात फोन करायची गरज पडू नये. कोणाबरोबर आहे हे दर वेळी सांगणार नाही, पण काही अडचण आली तर पहिला फोन तुम्हालाच करीन." यात त्यांना सुरक्षिततेची माहिती पूर्ण मिळते आणि तुमचं खासगी तुमच्याकडे राहतं. आईवडिलांना बहुतेक वेळा पहिलीच हवी असते, दुसरी ते सवयीने विचारतात.

इथून पुढे काय बिघडतं ते आधीच माहीत असू द्या. तुम्ही "साडेनऊ" लिहून जाल आणि आठ वाजून दहा मिनिटांनी आईचा फोन येईल. फोन उचला. आवाज न चढवता एकच वाक्य: "आई, ठीक आहे, साडेनऊला पोचते." कराराची आठवण तिथे फोनवर करून देऊ नका, घरी आल्यावर खुलासा मागू नका. पहिले आठ-दहा दिवस फोन वाढतातसुद्धा, कारण जुनी सवय सुटताना माणूस एकदा जोर लावून बघतो. बरेच जण नेमके याच टप्प्यावर "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. तीन आठवडे धरा. आणि तुमच्या बाजूने साडेनऊ म्हणजे साडेनऊ. एकदा न कळवता अकरा वाजले की तीन आठवड्यांची पुण्याई जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

घरातलं स्थान मात्र बोलण्याने फारसं बदलत नाही, जबाबदारीने बदलतं. यात लोक एक चूक हमखास करतात. ते "मदत" करतात. आईने सांगितलं की भांडी लावली, अप्पांनी सांगितलं की बिल भरलं. लक्षात ठेवण्याचं, आठवण करण्याचं, चुकलं तर निस्तरण्याचं काम आईकडेच राहतं, म्हणून आईच्या मनात तुम्ही सांगकामी मुलगीच राहता. एखादं काम पूर्णच्या पूर्ण घ्या, ज्याचा विचारही दुसऱ्या कुणाला करावा लागू नये.

सोलापुरात असं काम शोधावं लागत नाही: पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, वेळ कधी अपरात्रीची, कधी भर कामाची. हे खातं तुम्ही घ्या. म्हणजे आपल्या भागाची पाळी केव्हा आणि ती पुढे ढकलली का, याची खबर तुम्ही ठेवायची, वाटल्यास गल्लीतल्या ग्रुपवर. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ असेल तर ते झाडांना किंवा फरशीला, मग हौद भरायला लावायचा. प्यायचं पाणी वेगळं गाळून भरायचं. हौदातून टाकीवर चढवताना मोटारीजवळ थांबायचं, कारण हौदाचं पाणी तळाला गेल्यावर मोटार कोरडी फिरली तर जळते. दोन पाळ्यांच्या मध्ये तीन माणसांना किती लागतं याचा अंदाज ठेवून, पाळी लांबली तर तिसऱ्याच दिवशी घरात सांगायचं, की आजपासून जपून वापरा. साठवलेल्या पाण्यावर झाकण, आणि पिंप, बादल्या आठवड्यातून एकदा पूर्ण रिकाम्या करून घासून कोरड्या करायच्या, नाहीतर डेंग्यूच्या डासांच्या अळ्या होतात. दीड महिन्यात चित्र असं दिसतं की अप्पाच तुम्हाला विचारतात, "उद्या पाणी येणार का गं?" त्या प्रश्नात तुम्ही कुणाची बारावीतली मुलगी नसता.

स्वयंपाकघरात मात्र जपून. ते आईचं राज्य आहे, आणि तिथे "मी सगळं बघते" म्हटलं की तिला हटवल्यासारखं वाटतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी तुमच्या, आणि त्या वेळी ती मंदिरात किंवा शेजारी, एवढं पुरे. ती घरी असली तर फोडणीत काय घालायचं यावरून वाद होणारच.

पैशांचं. तुम्ही हातात नोटा ठेवायला गेलात तर अप्पा म्हणतील, "लेकीचे पैसे घ्यायचे का आता?" तिथे हट्ट करू नका. पैसे देण्याऐवजी बिलं स्वतःकडे घ्या. विजेच्या बिलाच्या खात्याला तुमचा मोबाइल नंबर जोडा, सिलिंडरचं बुकिंग तुमच्या फोनवरून, इंटरनेट तुमच्याकडे. बिल आलं की भरलं, चर्चा नाही.

हिशोब कमीत कमी कमाईवर धरायचा, सरासरीवर नाही, कारण क्लायंटचे पैसे मागेपुढे होतात. २२ हजार धरले तर एक मांडणी अशी बसते. घराची बिलं आणि किराण्यातला ठरलेला भाग मिळून ५ हजार. प्रवास, फोन, अभ्यासिका, कपडे, बाहेरचं खाणं असा स्वतःचा खर्च ७ हजार. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही गेलेला असतो, त्याकडे फार जणांचं लक्ष जात नाही, म्हणून स्वतःच्या पॉलिसीसाठी महिन्याला १ हजार बाजूला. क्लायंटने पैसे थकवले तर म्हणून ३ हजार. उरलेले ६ हजार वेगळ्या खात्यात, पुन्हा बाहेर पडण्यासाठी. आठ महिन्यांत त्याचे ४८ हजार होतात, त्यात भागीदारीच्या फ्लॅटमधल्या खोलीचं डिपॉझिट आणि सामान हलवायचा खर्च निघू शकतो. २२च्या वर मिळालेलं सगळं याच खात्यात टाका. उन्हाळ्यात कूलरमुळे विजेचं बिल वाढतं, तेव्हा घरखर्चाचा आकडा मार्च ते मे थोडा वर धरा. बाहेर जायची घाई नसली तरी हे खातं ठेवाच. जाता येत नाही म्हणून राहणं आणि जाता येत असून राहणं यात मनाला पडणारा फरक मोठा आहे, आणि तो वहीतल्या आकड्यांतही दिसतो. एक पथ्य: बिलं भरते म्हणून मला विचारू नका, हे वाक्य भांडणात कधीही काढायचं नाही. ते एकदा निघालं की अप्पा दुसऱ्या दिवसापासून बिलं परत स्वतः भरू लागतात.

तुमच्या प्रश्नात आलं नाही, पण ३१व्या वर्षी घरी आलेल्या मुलीच्या घरात स्थळांचा विषय असतोच, आणि तो रोज थोडा थोडा निघत राहिला तर वरची सगळी मेहनत वाया जाते. तो बंद करता येत नाही, पण त्याला वेळ देता येते. महिन्यातला एक रविवार, अर्धा तास, तेव्हा त्यांनी मनातलं सगळं बोलायचं आणि तुम्ही खरोखर ऐकून खरं उत्तर द्यायचं. मधल्या दिवसांत निघाला तर "रविवारी बोलू" एवढंच. त्या रविवारी तुम्ही टाळाटाळ केली तर ही सोय मोडलीच समजा. नातेवाइकांपुढे काय सांगायचं तेही तिघांनी मिळून एकदा ठरवा, आणि खरं तेच ठरवा: "ती आता घरून काम करते, काही महिने इथेच आहे." गड्ड्याच्या यात्रेत किंवा एखाद्या लग्नात मावशीने विचारल्यावर आई गोंधळून काहीबाही बोलते आणि तुम्हाला ते लागतं, हे या एका वाक्याने बरंच टळतं. पुष्कळदा आईला स्वतःच्या काळजीपेक्षा लोकांना काय सांगायचं याचाच ताण जास्त असतो.

हे सगळं जिथे चालत नाही ते दोन प्रसंग सांगायला हवेत. घरात मारहाण, कोंडून ठेवणं, फोन किंवा पैसे काढून घेणं असेल तर करारांच्या मागे लागू नका. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, आणि तिथे पहिलं पाऊल सुरक्षित जागी जाण्याचं असतं.

दुसरा प्रसंग नैराश्याचा. परतल्यानंतरची उदासी दिवसभरात वरखाली होते, मैत्रीण भेटली की हलकी होते. सलग दोन आठवडे बहुतेक दिवस, बहुतेक वेळ मन खिन्न असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. डॉक्टर त्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरतात. तिची बेरीज २७ पर्यंत जाते आणि १० किंवा जास्त आली तर तपासून घ्यायला हवं. ती निदान नाही, डॉक्टरकडे जाण्याची खूण आहे. तुमच्या वहीतही ती दिसेल: ठरवलेली कामं करूनसुद्धा दोन आठवडे आकडा २-३ च्या वर सरकत नाही. डॉक्टर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगतील. तेही करून घ्या, कारण यांच्या कमीजास्तीनेही असाच थकवा येतो. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नको असं मनात येत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी घरात एका माणसाला सांगा आणि त्या नंबरवर बोला किंवा थेट सिव्हिलला जा.

तसं नसेल तर क्रम असा राहू द्या: पहिला आठवडा फक्त वही. दुसऱ्यात साडेसहाचं उठणं आणि रोजच्या तीन गोष्टी. त्या आठवड्याच्या शेवटी, रविवारच्या चहावर येण्याजाण्याचं बोलणं. पाण्याचं खातं त्याच सुमारास, न बोलता. बिलं पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून, आणि स्थळांचा रविवार त्यानंतर. सहा आठवड्यांनी पहिल्या सात दिवसांची पानं आणि ताजी सात पानं शेजारी ठेवून बघा. संध्याकाळचा आकडा वर आला असेल पण दुपारचा तसाच असेल, तर पुढचं काम जेवण आणि झोपेवर करायचं. दुपारचा सुधारला आणि संध्याकाळचा नाही, तर ती वेळ घराबाहेर काढा, सहा ते आठ अभ्यासिकेत किंवा फिरायला, आणि टीव्हीच्या वेळेऐवजी जेवणाच्या ताटावर आई-अप्पांना भेटा.